मी गेले, माझा आवाज राहिला!

शुक्रवारची रात्र. कोथरूडच्या फ्लॅटवर मी, मॅगीचं पातेलं आणि सोमवारची डेडलाइन. तेवढ्यात नगरहून मामेभावाचा फोन आला.

‘ताई, तू परत आलीस का सर्व्हरवर?’

‘कुठल्या सर्व्हरवर?’

‘अगं, आपल्या जुन्या व्हॅलोरंटच्या. आत्ता तुझा आवाज वाजला. मला वाटलं, तूच आलीस.’

मी कुठून येणार? तो ग्रुप सोडून मला वर्ष होऊन गेलं होतं. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मॅगी घशाखाली उतरेना. त्या ग्रुपवर एखादी नवी मुलगी माइक ऑन करून बोलायला लागली की कुणीतरी एक बटण दाबतं आणि माझा आवाज वाजतो, ‘मरतेय मी!’ मग सगळे खिदळतात. ती मुलगी दोन मिनिटांत निघून जाते.

ज्यांचा या दुनियेशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. लॉकडाऊनमध्ये मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. बोजाबिस्तरा उचलून नगरला आले. (2024 मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात तोंडात अजून नगरच बसलंय.) सावेडीतल्या घरी आम्ही भावंडं मोबाइलवर पबजी खेळायचो. मग 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने 118 अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेलं आणि 30 ऑक्टोबरला भारतातले सर्व्हरही बंद झाले. गेम गेला, पण टोळकं राहिलं. ते सगळं डिस्कॉर्डवर गेलं.

डिस्कॉर्ड म्हणजे गेम खेळता खेळता गप्पा मारण्याचा अड्डा. 2015 मध्ये ते गेमर्ससाठीच सुरू झालं. तिथे प्रत्येक ग्रुपला ‘सर्व्हर’ म्हणतात. त्यात लिहिण्याच्या खोल्या वेगळ्या, बोलण्याच्या खोल्या वेगळ्या. बोलण्याच्या खोलीत शिरलात की तुमचा माइक ऑन, बाकीच्यांचे आवाज कानात. आणि तिथेच एक ‘साउंडबोर्ड’ असतो. पाच सेकंदांच्या आसपासचे छोटे आवाज त्यावर चढवून ठेवायचे आणि योग्य वेळी बटण दाबून सगळ्यांना ऐकवायचे. कुणाचं शिंकणं, कुणाचा फेमस डायलॉग. जाम धमाल येते, खरंच.

माझा तो आवाज 2023 च्या दिवाळीतला. मी नगरच्या घरी लॅपटॉपवर खेळत होते, शेवटचा राउंड, समोरचे तिघे माझ्या एकटीच्या मागे. आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, ‘अगं, भात गार होतोय!’ मी त्याहून मोठ्याने ओरडले, ‘आई, थांब, मरतेय मी!’ टीममधल्या एकाचं रेकॉर्डिंग चालू होतं. त्याने तेवढा तुकडा कापला आणि रात्रभर आम्ही हसून हसून लोळलो. तोच तुकडा नंतर कुणीतरी आणखी कापला. आई गेली, भात गेला, उरलं फक्त माझं ‘मरतेय मी!’ आता त्याचा अर्थ काय लावतात ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला कळलं असेल.

मला इतका राग आला की मी तडक लॅपटॉप उघडला. सेटिंग्ज, My Account, खाली स्क्रोल, लाल अक्षरांत Delete Account. प्रोफाइलच उडवून टाकते, म्हटलं. ना रहेगा बांस! भाऊ अजून फोनवर होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एरवी पोरगा कामाचं एक वाक्य बोलत नाही. त्या रात्री मात्र म्हणाला, ‘ताई, थांब. खातं उडवलंस तर तो आवाज तुझा आहे हे सांगणार कोण?’

मी बोट मागे घेतलं. आणि तिथून पुढे मला जो फंडा कळला, तो असा की खातं म्हणजे तुमचं सामान नव्हे. खातं म्हणजे फक्त किल्ली. सामान प्रत्येकाच्या घरी पसरलेलं असतं.

साउंडबोर्डवरचा आवाज तुमच्या प्रोफाइलला चिकटलेला नसतो. तो सर्व्हरच्या मालकीच्या फळीवर ठेवलेला असतो. तुम्ही सर्व्हर सोडा, खातं बंद करा, फळीवरची वस्तू फळीवरच. तुम्ही लिहिलेले मेसेजही तसेच. खातं डिलीट झालं की मेसेज पुसले जात नाहीत, फक्त त्यांच्यावरचं तुमचं नाव जातं आणि त्या जागी Deleted User असं येतं. मजकूर जसाच्या तसा. त्यात तुम्ही कधी फोन नंबर लिहिला असेल तर तोही जसाच्या तसा. फरक एवढाच की आता तो पुसायचा हक्क तुमच्याकडे नाही, कारण ज्या खात्यातून तो पुसता आला असता ते खातंच नाही. किल्ली आधी विहिरीत टाकली आणि मग आठवलं की गॅस चालू आहे, असा प्रकार!

शनिवारी सकाळच्या एसटीने मी नगर गाठलं. भावाच्या खोलीत आम्ही वॉर रूम उघडली.

पहिलं काम, स्वतःचा डेटा मागवणं. सेटिंग्जमध्ये Data & Privacy नावाचं पान आहे, तिथून स्वतःच्या माहितीची प्रत मागता येते. ती यायला तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. मला चौथ्या दिवशी ईमेलवर लिंक आली. ही प्रत खातं जिवंत असतानाच मागायची, म्हणून हे पहिलं. झिप फाइल उघडली तर आत messages नावाचं फोल्डर, त्यात नुसत्या लांबलचक आकड्यांची फोल्डरं. मी म्हटलं, हे काय गौडबंगाल? पण त्यात index.json नावाची एक फाइल असते, कुठला आकडा म्हणजे कुठली खोली हे तिच्यात लिहिलेलं असतं. त्या यादीतून मला कळलं की मी कुठेकुठे बडबड केली आहे. तीन सर्व्हर तर मी साफ विसरले होते. या प्रतीत फक्त आपलं लिखाण असतं, समोरच्याचं नाही. आणि बोलण्याच्या खोलीत मारलेल्या गप्पाही नसतात, कारण त्या बोलून हवेत विरतात. खोलीतल्याच कुणी रेकॉर्ड केल्या असतील तर मात्र त्या त्याच्या कॉम्प्युटरवर असतात. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

प्रत येईपर्यंत आम्ही मूळ दुखण्याकडे वळलो. भावाने इन्व्हाइट लिंक दिली, मी माझ्या जुन्याच नावाने त्या सर्व्हरवर परत शिरले. पूर्वी माझ्याकडे आवाज चढवायची परवानगी होती. ज्याला ती परवानगी असते त्याला स्वतः चढवलेला आवाज काढताही येतो. पण ग्रुप सोडला तेव्हा ती गेली होती. आता मी तिथे पाहुणी. मालकाला मेसेज टाकला. उत्तर आलं, ‘चिल यार, जोक आहे.’ मग मॉडरेटर्सची नावं बघितली, त्यातल्या एकीला लिहिलं. मी ते सरळ, साधं लिहिलं. हा आवाज माझा आहे, मागे माझ्या आईचा आहे, तो कशासाठी वापरला जातोय हे मला कळलंय, तो काढावा. तिने सेटिंग्जमध्ये जाऊन आवाजांची यादी उघडली. तिथे प्रत्येक आवाजापुढे तो कुणी चढवला त्याचं नाव दिसतं. ती म्हणाली, ‘दोन आहेत. कापलेला दुसऱ्या कुणीतरी टाकलाय. पण मूळ, लांबवाला... अगं, तो तर तूच टाकलायस!’

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

आठवलं मला. त्या रात्री रेकॉर्डिंग ज्याने केलं त्याने फाइल ग्रुपवर टाकली होती, आणि ‘भारी आहे हे!’ म्हणत ती साउंडबोर्डवर मीच चढवली होती. मी, स्वतः, हसत हसत.

पण याच गोष्टीने काम सोपं झालं. त्या यादीत माझं नाव होतं आणि त्याच नावाने मी समोर बोलत होते. मी कोण, हा प्रश्नच उरला नाही. शुक्रवारी रात्री मी ते लाल बटण दाबलं असतं आणि खातं जाऊ दिलं असतं, तर मी कुठल्यातरी नव्या खात्यातून येऊन ‘तो आवाज माझा आहे हो’ म्हणत बसले असते, आणि मॉडरेटरने का ऐकावं माझं? तिने दोन्ही आवाज काढले. तिनेही ऐकलं नसतं, तर पुढची पायरी डिस्कॉर्डकडे छळाची तक्रार करण्याची होती. तीही खातं असेपर्यंत सोपी. ज्या ईमेलवर खातं आहे त्याच ईमेलवरून लिहिलं की आपण आपणच आहोत हे दाखवायला वेगळं काही लागत नाही.

आता खरं सांगायचं तर काम शंभर टक्के झालेलं नाही. कापलेला आवाज ज्याने चढवला, त्याच्या कॉम्प्युटरवर ती फाइल असणारच. तिथपर्यंत ना मॉडरेटरचा हात पोहोचतो, ना डिस्कॉर्डचा. फळीवरून वस्तू काढता येते. खिशातून नाही.

रविवारी मेसेजची साफसफाई. सगळे मेसेज एका दमात पुसायचं बटण डिस्कॉर्डमध्ये नाही. ते काम करून देणाऱ्या स्क्रिप्ट्स इंटरनेटवर मिळतात, पण आपल्या खात्यावरून यंत्राने कामं करवून घेणं नियमात बसत नाही आणि त्यापायी खातंच बंद होऊ शकतं. म्हणजे पुन्हा किल्ली विहिरीत. मग मी सगळं पुसायचा हट्ट सोडला आणि शोधून शोधून पुसलं. प्रत्येक सर्व्हरवर शोधाच्या चौकटीत from: पुढे माझं नाव आणि has: sound असं लिहिलं की मी टाकलेल्या आवाजाच्या फाइल्स समोर येतात. मग माझा मोबाइल नंबर टाकून शोधलं. दोनदा सापडला! मग ‘पाइपलाइन रोड’ असं शोधलं. एका वाढदिवसाला केक पाठवायचा म्हणून मी घराचा अख्खा पत्ता, शेजारच्या किराणा दुकानाच्या खुणेसकट, दोनशे माणसांच्या ग्रुपवर लिहिला होता. तीन वर्षं तो तिथे निवांत पडून होता. ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘हाहाहा’ मी तसेच ठेवले. ते राहिले तर कुणाचं काय बिघडतंय?

मग आला प्लेस्टेशनचा नंबर. मामाकडे पीएस 5 आहे आणि त्यावर माझंही खातं आहे. 2023 मध्ये प्लेस्टेशनवरून डिस्कॉर्डच्या खोलीत बोलता यायला लागलं तेव्हा मी दोन्ही खाती जोडली होती. त्याचा एक साइड इफेक्ट असा की प्लेस्टेशनवर काय चाललंय हे डिस्कॉर्डवर माझ्या नावाखाली दिसायचं. भाऊ बिनधास्त माझ्या खात्यातून खेळायचा. एकदा मी एका संपादकांना ‘ताप आलाय, लेख उद्या देते’ असं कळवलं, आणि त्यांच्याच ऑफिसातल्या एका गेमर मुलाला मी भर दुपारी फुटबॉल खेळताना दिसले! खरंच ताप होता हो मला. कोण विश्वास ठेवणार?

ही गाठ दोन्हीकडून सोडवायची असते. डिस्कॉर्डमध्ये Connections या पानावर प्लेस्टेशनच्या चौकटीतली फुली दाबायची. आणि मग प्लेस्टेशनवर सेटिंग्जमध्ये Users and Accounts, त्यात Linked Services, तिथे डिस्कॉर्ड दिसतंय का ते बघून तिकडूनही तोडायचं. एक्सबॉक्स जोडलेला असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात कुठल्या अ‍ॅपला परवानगी दिली आहे त्या यादीत बघायचं. हेही खातं डिलीट करायच्या आधी, कारण नंतर एका बाजूचं पानच उघडणार नाही. झालं की नाही हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे भावाला गेम लावायला सांगायचं आणि दुसऱ्याच्या फोनवर आपलं नाव बघायचं. खाली काही दिसलं नाही म्हणजे गाठ सुटली.

जोशात येऊन मी म्हटलं, प्लेस्टेशनचंही खातं उडवू या! भाऊ किंचाळलाच. त्या खात्यावर विकत घेतलेले गेम त्या खात्याबरोबर जातात आणि ते पैसे मामाने दिले होते. ते खातं राहिलं. गाठ तोडणं वेगळं आणि खातं बंद करणं वेगळं, हे मला मामाच्या बजेटने शिकवलं.

या सगळ्यात माझ्यातली पत्रकार जागी झाली आणि मी जरा वाचायला लागले. नोव्हेंबर 2022 मध्ये फ्रान्सच्या डेटा संरक्षण यंत्रणेने डिस्कॉर्डला 8 लाख युरो दंड केला होता. त्यांना सापडलं होतं की तीन वर्षांहून जास्त काळ कुणी न वापरलेली चोवीस लाखांवर फ्रेंच खाती तशीच ठेवलेली होती. आणि दुसरा मुद्दा वाचून मला माझं हॉस्टेल आठवलं. विंडोजवर बोलण्याच्या खोलीत असताना खिडकीची फुली दाबली तरी अ‍ॅप बंद व्हायचं नाही, मागे चालूच राहायचं आणि माणूस बाकीच्यांना ऐकू यायचा. त्याला वाटायचं, आपण गेलो. चौकशी सुरू असतानाच कंपनीने दोन्ही गोष्टी बदलल्या. आता फुली दाबल्यावर तुम्ही अजून खोलीत असल्याचा इशारा येतो आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकलं जातं.

आपल्याकडे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे, आणि किमान 50 लाख नोंदणी असलेल्या ऑनलाइन गेमिंग सेवांनी तीन वर्षं न फिरकलेल्या माणसाची माहिती पुसावी, पुसण्याआधी 48 तास त्याला कळवावं, असंही आहे. पण ही कलमं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात, म्हणजे मे 2027. आणि कायदा बोलतो कंपनीशी. ‘चिल यार’ म्हणणाऱ्या सर्व्हरमालकाशी बोलायला मॉडरेटर मुलगीच लागली.

शेवटचं एक काम राहिलं होतं. आम्हा सहा भावंडांचा एक छोटा सर्व्हर आहे, त्याची मालकीण मी. तुमच्या नावावर सर्व्हर असेल तर डिस्कॉर्ड खातं डिलीट करू देत नाही. आधी मालकी दुसऱ्याला द्या किंवा सर्व्हर मोडा. मालकी भावाच्या नावावर केली. सातबारा उतरवल्यासारखं त्याने गंभीर तोंड केलं. आणि मग आम्हाला दिसलं की याही सर्व्हरच्या साउंडबोर्डवर तो आवाज आहे. अख्खा. भातासकट.

तो काढायचा की ठेवायचा? मी आईला बोलावलं, ऐकवला, सगळी गोष्ट सांगितली. तिकडे तो कशासाठी वाजवतात तेही सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल त्या मुलांवर. ती शांतपणे म्हणाली, ‘यात माझाही आवाज आहे ना? मग तेव्हा दोनशे लोकांना ऐकवताना मला विचारलं होतंस का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवस मी ‘माझा आवाज, माझी परवानगी’ म्हणून नाचत होते.

आईच पुढे म्हणाली, ‘घरातल्या पोरांत राहू दे. पण तुझं ते मरणंबिरणं काढ. दिवाळीचं कसलं बोलतेस असलं!’ भावाने लगेच कापला. आता तिथे दोन सेकंदांचा एकच आवाज आहे.

डेटाची प्रत हातात आल्यावर, त्यातले ते तीन विसरलेले सर्व्हर चाळून झाल्यावर, मी ते लाल बटण दाबलं. पासवर्ड, मोबाइलवरचा कोड, झालं. खातं लगेच जात नाही. चौदा दिवस ते रांगेत असतं, आणि त्या काळात पुन्हा लॉग इन केलं तर परत मिळवायची सोय असते. सवयीने हात जाऊ नये म्हणून मी फोनवरून अ‍ॅपच काढून टाकलं. दहाव्या दिवशी एक मित्र म्हणाला, ‘ये ना, एक मॅच.’ कठीण गेलं, पण नाही गेले.

पंधराव्या दिवशी भावाने स्क्रीनशॉट पाठवला. माझ्या सगळ्या ‘हाहाहा’ आणि ‘गुड मॉर्निंग’वर आता माझं नाव नाही. नुसतं Deleted User. बघून पोटात जरा खड्डा पडला, खोटं कशाला बोलू? चांगली वर्षं होती ती.

स्क्रीनशॉटखाली त्याने लिहिलं होतं, काल रात्री सगळी भावंडं खेळत होती, साडेदहा वाजले तरी कुणी उठेना. मग त्याने बटण दाबलं.

‘अगं, भात गार होतोय!’

म्हणे, सगळे एका मिनिटात उठले.